करंगळीचं वाक्य

रविवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये तरुण संघ भरतो. आठवी ते बारावीची वीस-पंचवीस मुलंमुली येतात. त्यांना पवित्र शास्त्र शिकवायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी प्रार्थना झाली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी बारावीतला एक मुलगा दाराशी घुटमळत राहिला. काय रे म्हटल्यावर त्याने न बोलता मोबाईल माझ्या हातात दिला. क्लासच्या ग्रुपवर मेसेज होता. फिजिक्सचा पेपर मिळतोय, सगळ्यांनी पाचशे-पाचशे टाकायचे, रात्री बाराच्या आत. खाली अठरा जणांचे होकार. त्याच्या खाली आणखी एक ओळ : 'ज्याची फाटली असेल त्याने आत्ताच सांगा.'

"सर, मला तो पेपर बघायचासुद्धा नाहीये," तो म्हणाला. "पण पैसे नाही दिले तर उद्यापासून डबा कुणाबरोबर खाऊ?"

संगतीविषयी मुलांसमोर उपदेश करायला उभं राहणाऱ्याने हा प्रश्न आधी ऐकायला हवा. वाईट संगत धरू नका, असं सांगणाऱ्या बहुतेक उपदेशांमध्ये डब्याच्या या प्रश्नाला उत्तरच नसतं. व्यासपीठावरून सांगणारा 'वाईट मुलं' म्हणतो, मागे बसलेले आईवडील माना डोलावतात, आणि समोरचा प्रत्येक जण मनातल्या मनात दुसऱ्याचं नाव घेतो. ज्याला वाईट म्हटलं तो मुलगाही तिथेच तिसऱ्या ओळीत बसलेला असतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण मुलांनी इतकी ऐकलेली असते की ती कानावरून निघून जाते. शिवाय ढवळ्याला पवळ्याशेजारी बांधणारा मालक असतो. मुलं आपण होऊन जाऊन बसतात, आणि का बसतात हे कुणी विचारत नाही.

बायबल मात्र हे विचारतं. नीतिसूत्रे हे जुन्या करारातलं पुस्तक आहे, ३१ अध्यायांचं. त्याची सुरुवात बापाने मुलाशी बोलावं तशी आहे. आईवडिलांचं ऐक, एवढं सांगून झाल्यावर पहिल्याच अध्यायात, १० व्या वचनापासून, पहिला इशारा येतो तो देवळाबद्दल किंवा पैशाबद्दल नाही, सोबत्यांबद्दल. तिथे बाप त्या सोबत्यांचं बोलणं जसंच्या तसं मुलाला ऐकवतो. ते शिव्या देत नाहीत, धमकी देत नाहीत. ते म्हणतात, आमच्याबरोबर चल. आपण दबा धरून बसू, आपण घरं भरू, आणि आपल्या सगळ्यांची थैली एकच राहील. लुटीचा बेत आहे, पण पुढे ठेवलेली वस्तू लूट नाही, 'आपण' हा शब्द आहे. वाटमारी करायला निघालेल्या टोळीचं आमंत्रण आणि पाचशे रुपयांची वर्गणी मी मुलांसमोर शेजारी-शेजारी ठेवतो. एकच थैली म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पैसे टाकले की तूही त्यातला झालास, मग तोंड उघडायची सोय उरत नाही. वर्गणी खरी तेवढ्यासाठीच असते.

'आपण' या शब्दाची ताकद प्रयोगात मोजलेली आहे. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात कॉम्प्युटरवर गाडी चालवायची होती. सिग्नल पिवळा झाल्यावर आणखी किती पुढे जायचं, हे चालवणाऱ्याने ठरवायचं. पुढे गेलं तर गुण वाढतात, पण वेळेत थांबलं नाही तर गाडी आदळते आणि मिळवलेलं जातं. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना आणि बरोबर दोन मित्र बसलेले असताना सारखी वागली नाहीत. मित्रांसमोर त्यांनी बराच जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या माणसांमध्ये हा फरक फारसा दिसला नाही. म्हणजे बुद्धी कमी पडते असं नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर तीच बुद्धी वेगळा हिशोब करते. आईवडिलांनी 'तुला कळत नाही का' असं विचारण्यात म्हणूनच काही हशील नाही. कळत असतं.

तरीही हा फक्त वयाचा प्रश्न नाही, आणि ते दाखवायला माझ्याकडे रहबामची गोष्ट आहे. तरुण संघात मी दरवर्षी ती घेतो. राजांच्या पहिल्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात ती आहे. ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमारास शलमोन राजा वारला. नीतिसूत्रे ज्याच्या नावावर आहेत तोच हा शलमोन. सुज्ञांबरोबर चालणारा सुज्ञ होतो आणि मूर्खांच्या सोबत्याचं वाटोळं होतं, अशा अर्थाचं वचन त्याच्याच संग्रहात आहे. मूळ हिब्रूत 'सोबती' आणि 'वाटोळं होईल' हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात, म्हणजे पाठ व्हावं म्हणून रचलेलं वाक्य. ते ज्याच्या घरात पाठ व्हायला हवं होतं, तो शलमोनाचा मुलगा रहबाम.

राज्याभिषेकासाठी सगळे लोक शखेम गावी जमले होते. त्यांची एकच मागणी होती : तुझ्या वडिलांनी आमच्या मानेवर जड जू ठेवलं, ते हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. हे जू काय होतं, तेही बायबलमध्ये लिहिलेलं आहे. देवळाच्या बांधकामासाठी शलमोनाने ३०,००० माणसं वेठीला धरली होती. दरमहा १०,००० जण लबानोनात लाकडं तोडायला जात. एक महिना तिकडे, दोन महिने घरी, अशी पाळी. या वेठीवर देखरेख करणारा अधिकारी होता अदोनीराम. त्याला अदोरामही म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, असं मी मुलांना सांगतो.

रहबाम म्हणाला, तीन दिवसांनी या. इथवर त्याचं काही चुकलेलं नाही. उलट, वेळ मागून घेण्याइतका शहाणपणा त्याच्यात होता. मग त्याने बापाच्या दरबारातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आज तू या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे सेवक होतील. नंतर तो आपल्या मित्रांकडे गेला. मित्र म्हणाले, त्यांना सांग, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. बापाने जड जू ठेवलं, मी आणखी जड ठेवीन. त्याने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन.

या गोष्टीत चार बारीक जागा आहेत. भराभर वाचताना त्या हातून निसटतात, आणि माझ्या मते सगळा उपदेश त्यांच्यातच आहे.

एक तर क्रम. मजकुरात असं नाही की त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि मग निवड केली. वडीलधाऱ्यांचा सल्ला त्याने टाकून दिला, आणि मग तो मित्रांकडे गेला, असं आठव्या वचनात आहे. मित्रांनी त्याला बिघडवलं, हे म्हणूनच अर्धंच खरं. जे ऐकायचं होतं ते त्याचं ठरलेलं होतं, आणि ते कोण बोलेल हेही त्याला ठाऊक होतं. आपण मित्र निवडतो तेव्हा पुष्कळदा मिळणारी उत्तरंच निवडत असतो. मुलं याला पटकन मान तुकवतात. ब्रेकअप झाल्यावर कुणाला फोन करायचा आणि कुणाला मुळीच करायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

दुसरी जागा एका सर्वनामाची. वडीलधाऱ्यांना त्याने विचारलं, या लोकांना काय उत्तर द्यावं असं तुम्हाला वाटतं? मित्रांना विचारताना तो म्हणाला, 'आपण' काय उत्तर द्यावं? हिब्रूत हा फरक स्पष्ट आहे. राजा एकटा रहबाम होता. उत्तर त्याला द्यायचं होतं आणि त्याचे परिणामही त्यालाच भोगायचे होते. पण मित्रांत बसल्यावर निर्णय 'आपला' झाला. पहिल्या अध्यायातल्या टोळीचा शब्द तो हाच.

तिसरी जागा वयाची. हे मित्र त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले होते, असं शास्त्र सांगतं, आणि त्यांच्यासाठी शब्द वापरतं 'येलादीम', म्हणजे पोरं. वाचणाऱ्याला वाटतं, सोळा-सतरा वर्षांची असतील. पण दोनच अध्याय पुढे रहबामचं वय दिलेलं आहे. तो गादीवर बसला तेव्हा ४१ वर्षांचा होता, म्हणजे बरोबर वाढलेली ही 'पोरं'ही चाळिशीचीच. मुलांच्या मागे आईवडील बसलेले असले की इथे मी जरा थांबतो. ही गोष्ट फक्त पुढच्या रांगांसाठी आहे असं मागच्या रांगांनी समजू नये.

चौथी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिसऱ्या दिवशी रहबाम लोकांसमोर उभा राहिला आणि मित्रांनी शिकवलेलं बोलला. जू जड करीन म्हणाला, विंचवांनी मारीन म्हणाला. करंगळीचं वाक्य मात्र तो बोलला नाही. मित्रांनी दिलेल्या सल्ल्यात ते आहे, राजाच्या भाषणात नाही. का गाळलं, ते शास्त्र सांगत नाही. माझी समजूत अशी की, बंद खोलीत ज्या वाक्यावर सगळे खिदळले असतील, ते लोकांच्या तोंडाकडे बघून त्याला उच्चारता आलं नाही. संगत ओळखायची एक खूण इथे मिळते. मित्रांत बसून ठरवलेली गोष्ट, त्यातला एकही शब्द न गाळता, ज्याच्यावर तिचा परिणाम होणार आहे त्याला सांगता येईल का? आईला, वर्गशिक्षिकेला, जिचा फोटो ग्रुपवर फिरवायचा आहे त्या मुलीला? सांगताना एखादं वाक्य गाळावं लागत असेल, तर तिथेच काहीतरी बिनसलंय.

पुढे जे झालं ते झपाट्याने झालं. दहा वंश राज्यातून फुटून निघाले. त्यांना आवरायला रहबामने कुणाला पाठवावं? वेठीवरच्या त्याच अदोरामला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, आणि राजा कसाबसा रथात चढून यरुशलेमला पळाला. पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक चालून आला आणि शलमोनाने घडवलेल्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. रहबामने त्यांच्या जागी पितळी ढाली करून पहारेकऱ्यांच्या हाती दिल्या. ते मित्र मात्र शखेमनंतर या गोष्टीत कुठेच दिसत नाहीत. रथापाशी त्यांच्यापैकी कुणी होता, असं शास्त्रात नाही.

पण गोष्ट इथे सोडून दिली तर ती फक्त भीती घालते. त्याच अध्यायाच्या शेवटी रहबाम १,८०,००० लढवय्ये गोळा करून फुटलेल्या भावंडांवर चालून जायला निघतो, तेव्हा शमाया नावाचा संदेष्टा येऊन म्हणतो, भावांशी लढू नका, घरी जा. आणि सगळे खरोखर परत फिरतात. ज्याने शखेममध्ये वडीलधाऱ्यांचं ऐकलं नाही, त्याने इथे ऐकलं. राज्य परत मिळालं नाही, पण रक्तपात टळला. एकदा चुकीच्या घोळक्यात सापडलेल्या मुलाला हा शेवट सांगायलाच हवा, नाहीतर आपलं आता संपलं असं समजून तो त्या घोळक्यालाच चिकटून राहतो.

या विषयावर आणखी एक वचन हमखास वापरलं जातं, आणि बऱ्याचदा चुकीचं वापरलं जातं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५ व्या अध्यायात, पौल म्हणतो की वाईट संगतीने चांगल्या सवयी बिघडतात. हे वाक्य मुळात त्याचं नाही. मेनांदर नावाच्या ग्रीक नाटककाराचं म्हणून ते ओळखलं जातं, म्हणजे रस्त्यावर लोकांच्या तोंडी असलेलं सुभाषितच त्याने उचललं. संदर्भही सिगरेट किंवा चोरीचा नाही. मेलेले उठत नाहीत, तेव्हा खाऊनपिऊन घ्या, उद्या मरायचंच आहे, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, असं तो सांगतो आहे. इथली वाईट संगत म्हणजे आयुष्याला काही अर्थ नाही, हे रोज कानाशी बोलत राहणारी माणसं. संगतीसाठीचा ग्रीक शब्द आहे 'होमिलिया'. त्याचा अर्थ सहवास आणि बोलणं, दोन्ही. पुढे चर्चमधल्या उपदेशाला 'होमिली' म्हणू लागले ते याच शब्दावरून. हे समजलं त्या दिवसापासून मी रविवारच्या माझ्या वीस मिनिटांबद्दल फार मोठा समज बाळगत नाही. उरलेला आठवडाभर मुलांचे मित्र त्यांना उपदेश करत असतात.

याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने हेही बजावलं आहे की, जगातल्या लोभी, चोर, मूर्तिपूजक अशा कुणाशीच संबंध ठेवू नका, असं माझं म्हणणं नव्हतं, तसं करायचं तर तुम्हाला जगच सोडावं लागेल. तेव्हा पहिलं वचन हातात घेऊन दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या किंवा नापास झालेल्या मुलाशी बोलू नकोस असं सांगणारे आईवडील शास्त्राच्या विरुद्ध सांगत असतात. जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून खुद्द येशूला बोल लावला गेला होता. फरक एवढाच की तो तिथे त्यांची थैली वाटून घ्यायला बसला नव्हता.

पण मग डबा कुणाबरोबर खायचा? त्या मुलाला मी त्या संध्याकाळी दानीएलचा पहिला अध्याय उघडून दाखवला. बाबेलच्या राजाने यहूदातली काही तरुण मुलं पकडून आणली, त्यांची नावं बदलली आणि राजाच्या ताटातलं खाणं त्यांना लावून दिलं. दानीएलने ते नाकारलं, पण तोरा दाखवून नाही. त्याने आधी वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली, मग देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा. मी बोट ठेवलं ते 'आम्हाला' या शब्दावर. ते चौघं होते. इथेही 'आपण' आहे, फक्त तो राजाच्या ताटाच्या अलीकडे बसलेला आहे.

चौघं लागतात असंही नाही. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात कॉलेजच्या मुलांना रेषांची लांबी ओळखायला लावली. बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले, ते एकमुखाने चुकीचं उत्तर देत, आणि डोळ्यांना खरं दिसत असूनही पुष्कळ जण त्यांच्या मागे जात. पण गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी असं मागे जाण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येत असे. एकच माणूस पुरत होता.

म्हणून मी त्याला ग्रुप सोड म्हटलं नाही. एकट्याने अठरा जणांशी भांडायलाही सांगितलं नाही. त्या अठरांपैकी, किंवा अजून गप्प असलेल्यांपैकी, कुणाला हे पटत नसेल, असा एक जण आठवतो का, असं विचारलं. त्याने बराच विचार करून एका मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा आमच्या चर्चचा नाही, त्याचे वडील रिक्षा चालवतात, आणि पाचशे रुपये त्याने कुठून आणले असतील याची याला शंका होती. त्याने तिथूनच, माझ्यासमोर, त्याला फोन लावला. बोलणं दोन मिनिटांचं झालं.

रात्री पावणेअकराला त्याने ग्रुपवर लिहिलं, 'मी नाही.' त्याने नंतर मला तो स्क्रीन दाखवला. सहा मिनिटं कुणीच काही बोललं नव्हतं. मग रिक्षावाल्याच्या मुलाने लिहिलं, 'मी पण नाही, माझे परत दे.' त्याखाली दोन हसणारी तोंडं आणि एक घाणेरडी शिवी होती. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी एका मुलीने लिहिलं होतं, 'मी पण.'